तक्त्याच्या छायाचित्रासोबत रचनेची टीप का हवी?

बाजार समितीच्या दरपत्रकाचे छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला देऊन केवळ ‘यातील माहिती काढा’ असे सांगितल्यास, आकडे अचूक वाचले जाऊनही ते चुकीच्या रकान्यात पडू शकतात. याचे कारण पत्रकाच्या रचनेत असते. ‘दर’ या एका शीर्षकाखाली किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन उपरकाने असतात. शेतमालाचे नाव एकदाच लिहून त्याखाली वाणांच्या अनेक ओळी येतात. एखादी जागा कोरी असली, की पुढचा आकडा तिथे सरकू शकतो.

म्हणून सूचनेत ही रचना स्पष्ट लिहावी: ‘शीर्षक दोन ओळींचे आहे. शेतमालाचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहा. कोरी जागा कोरीच ठेवा, तेथे शून्य लिहू नका. न वाचता येणाऱ्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह द्या.’ त्यानंतर अपेक्षित शीर्षओळ जशीच्या तशी द्यावी:

```
शेतमाल,वाण,आवक,किमान,कमाल,सर्वसाधारण
```

या मांडणीत स्वल्पविराम रकाने वेगळे करतो. त्यामुळे ‘१,२५०’ हा आकडा ‘१२५०’ असा मागावा. अन्यथा त्याचे दोन तुकडे होतात.

मिळालेल्या ओळी मूळ पत्रकाशी मोजून पाहाव्यात. सर्वसाधारण दर किमान व कमाल दरांच्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर रकाना सरकल्याची किंवा आकडा चुकीचा वाचल्याची ती खूण असते. मर्यादेतच राहिलेली चूक मात्र मूळ पत्रकाशी ताडून पाहिल्यावरच सापडते.