ताटातले कर्ब – लेखांक ६ : तंतू दोनदा वजा होतात तेव्हा

मागच्या लेखांकात आपण एकूण कर्बोदकं पाहिली. त्यांतले तंतू म्हणजे फायबर लहान आतड्यात पचत नाहीत, म्हणून साखर वाढवण्यात त्यांचा वाटा फारसा नसतो. ते वजा केले की उरतात ती नेट कार्ब्स. वजाबाकी सोपी आहे. घोळ होतो तो आकडा कुठून घेतला यात.

जळगावचं भरीत घेऊ. एका ताटासाठी पाव किलो वांगं, २० ग्रॅम शेंगदाणे आणि २५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची अर्धी भाकरी. कांद्याची पात, लसूण, मिरची थोडी असते, म्हणून सोडून देऊ. वांगं भाजल्यावर पाणी उडतं, तेव्हा वजन कच्च्याचंच धरायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम वांग्यात कर्बोदकं सुमारे साडेतीन ग्रॅम आणि तंतू सुमारे चार ग्रॅम आहेत. वजा करायला जाल तर उत्तर शून्याखाली जातं, आणि असं वांगं बामणोदच्या शेतातही पिकत नाही! या तक्त्यात तंतू आधीच वेगळे काढलेले आहेत. उलट अमेरिकी तक्त्यांत आणि पाकिटांवर कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात. तिथे ते आपण वजा करायचे.

ओळखायचं कसं? पाणी, प्रथिनं, स्निग्धांश, राख आणि कर्बोदकं यांची बेरीज तंतूंशिवायच १०० झाली, तर तंतू कर्बोदकांतच आहेत. तंतू मिळवल्यावर १०० झाली, तर ते आधीच वगळले आहेत.

आता ताटाचा हिशोब. आपल्या तक्त्याप्रमाणे वांग्याचे ९, शेंगदाण्यांचे साडेतीन आणि भाकरीचे १७ मिळून जवळपास ३० ग्रॅम. हीच नेट कार्ब्स. तंतूंचे साडेचौदा ग्रॅम मिळवले तर एकूण ४४. तेच तंतू पुन्हा वजा केले तर ताट १५ ग्रॅमवर येतं. म्हणजे निम्मी कर्बोदकं कागदावरच गायब! जेवणाआधी इन्सुलिनचा डोस कर्बोदकं मोजून ठरवणाऱ्याला हा फरक महागात पडतो.

जेवणानंतरच्या ‘शुगर फ्री’ चॉकलेटमध्ये शर्करा-अल्कोहोल असतात. त्यांतलं एरिथ्रिटॉल बहुतांश लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून ते पूर्ण वजा करतात. माल्टिटॉल मात्र बरंचसं पचतं; ते निम्मंच वजा करायचं. समजा, तंतू धरून एकूण कर्बोदकं १८ ग्रॅम, त्यांत तंतू ३ आणि माल्टिटॉल १२ ग्रॅम आहे. पाकिटावर ‘नेट ३’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं, तरी आपला हिशोब ९ चा. घटकांच्या यादीत नुसतंच ‘पॉलिऑल’ लिहिलं असेल, तरीही निम्मंच वजा करावं. हा निम्म्याचा नियम अंदाजाचा आहे. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर काय दाखवतो तेच खरं.

पुढील लेखांकात : कळण्याच्या भाकरीत उडीद मिसळल्याने काय बदलतं?