आठ फुटांवरचा पडदा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका दोन बेडरूमच्या घरात गेल्या दिवाळीत मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं होतं. आला मात्र प्रोजेक्टर. छोटा, एलईडीचा, बुटाच्या खोक्याएवढा. त्याच्या पाठीमागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक खोचली, वाय-फायचा पासवर्ड घातला आणि टीपॉयवरून समोरच्या भिंतीवर चित्र पडलं. बातम्या देणाऱ्या निवेदिकेचं कपाळ हनुवटीच्या मानाने जरा जास्तच रुंद होतं. कॉलेजातल्या मुलाने रिमोटवरचं ‘कीस्टोन’ बटण शोधून दाबलं, चित्र चौकोनी झालं आणि घराने टाळ्या वाजवल्या.

तक्रारी पंधरा दिवसांनी सुरू झाल्या. खालची बातम्यांची पट्टी स्पष्ट दिसे, पण वरच्या कोपऱ्यातली वेळ आणि वाहिनीचं नाव पुसट. फोकसची चकती फिरवून वरचं नीट केलं की खालचं पुसट. दोष प्रोजेक्टरचा, असा निकाल लागायच्या बेतात होता. मग आजोबांनी कपाटातून मेजरिंग टेप काढली.

भिंतीपासून प्रोजेक्टरच्या भिंगापर्यंत आठ फूट अंतर भरलं. हा प्रोजेक्टर सरळ धरला तर एवढ्या अंतरावरून सहा फूट रुंद चित्र देतो. अंतर भागिले चित्राची रुंदी या हिशेबाला ‘थ्रो रेशो’ म्हणतात. तो माहितीपत्रकात छापलेला असतो आणि विकत घेण्याआधी बघायचा पहिला आकडा तोच. इथे तो साधारण १.३ आहे. अंतर चांगलंच होतं, घोटाळा उंचीत होता. टीपॉयवरचं भिंग जमिनीपासून दीड फुटावर, आणि चित्राचा मध्य हवा साडेचार फुटांवर. म्हणून प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली दोन दिवाळी अंक सारून त्याचं तोंड वर केलं होतं, सुमारे वीस अंशांनी.

तोंड असं वर केलं की झोताचा वरचा भाग भिंतीपर्यंत जास्त लांब जातो, आणि लांब गेलेला प्रकाश जास्त पसरतो. या घरातल्या मापांनी हिशेब केला, तर झोताची खालची कड सुमारे आठ फूट प्रवास करते आणि वरची साडेनऊ. त्यामुळे चित्र खाली सहा फूट रुंद आणि वर जवळजवळ सात फूट. दगडी कमानीच्या माथ्यावर वर रुंद, खाली निमुळता असा पाचरीसारखा दगड बसवतात, त्याला इंग्रजीत कीस्टोन म्हणतात. चित्राचा आकार तसाच होतो, म्हणून दोषाला ते नाव पडलं आणि पुढे तो दोष झाकणाऱ्या बटणालाही.

जुन्या एकपडदा थिएटरांत हीच अडचण उलटी होती. तिथे ऑपरेटरची केबिन बाल्कनीच्याही मागे, उंचावर. झोत खाली उतरायचा आणि चित्र खालून रुंद व्हायचं. त्यावरचा उपाय म्हणजे फिल्मसमोरच्या पातळ पत्र्याच्या चौकटीच्या कडा कानशीने घासून तिरक्या करायच्या. मग पडद्यावरची चौकट सरळ दिसे. आतलं चित्र किंचित वेडंवाकडं राहायचंच, पण कड सरळ असली की प्रेक्षकाच्या लक्षात येत नसे.

आजच्या प्रोजेक्टरमध्ये कानशीचं काम चिप करते. आतल्या छोट्या पॅनेलवर चित्र मुद्दाम उलट्या बाजूने निमुळतं काढलं जातं, म्हणजे भिंतीवर पसरल्यावर ते चौकोनी दिसावं. यात भिंग, झोत किंवा अंतर काहीच बदलत नाही. बदलतात फक्त वापरात असलेले पिक्सेल. ‘फुल एचडी’ पॅनेलवर ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या घरात असतात. टीपॉयवरच्या मांडणीत त्यातले सुमारे पावणेचार लाख नुसते काळे ठेवावे लागतात. उरलेल्यांवर चित्र दाटीवाटीने बसवताना एका पिक्सेलचा मजकूर दोघांत वाटला जातो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडतात. क्रिकेटच्या मैदानावरच्या सरळ रेषा कॅमेरा फिरताना दातेरी होऊन थरथरतात. शिवाय काळे ठेवलेले पिक्सेल पूर्ण काळे होत नाहीत. दिवे बंद केल्यावर चित्राभोवती करड्या उजेडाची तिरकी झालर दिसते. कीस्टोन किती वापरलाय हे ओळखायला ही झालर पुरे. ती बाहेर जितकी पसरलेली, तितका कीस्टोन जास्त.

आणि फोकस? तो या बटणाच्या आवाक्यातच नाही.

भिंग एका ठरावीक अंतरावर चित्र रेखीव करतं. दोन्हीकडे थोडी सूट असते, पण वरच्या आणि खालच्या कडेत दीड फुटाचा फरक ती पोटात घेऊ शकत नाही. चित्राचा आकार चिपने चौकोनी केला, तरी भिंत भिंगाला तिरकीच राहते. म्हणून पुण्याच्या त्या घरात वरचं नीट केलं की खालचं बिघडत होतं. फोकस बिघडण्याची कारणं दोन, आणि ती भिंतीकडे बघूनच वेगळी काढता येतात. एकच बाजू पुसट असेल, वरची किंवा डावी, तर प्रोजेक्टर तिरका आहे. मध्य रेखीव आणि चारही कोपरे सारखेच पुसट असतील तर भिंगच स्वस्तातलं आहे. तिथे मध्य आणि कोपरा यांच्यामधल्या एखाद्या ठिकाणी फोकस लावून दोघांना थोडं थोडं सोसायला लावणं एवढंच हातात उरतं.

आजोबांचा उपाय फर्निचरचा होता. बाजूच्या भिंतीला लागून असलेलं चार फूट उंचीचं पुस्तकांचं कपाट सोफ्याच्या पाठीशी आणून उभं केलं आणि प्रोजेक्टर त्याच्या डोक्यावर ठेवला. भिंग आता सव्वाचार फुटांवर आलं. चित्राचा मध्यही साडेचारवरून चार फुटांवर उतरवला. सोफ्यावर बसल्यावर डोळे साडेतीन फुटांच्या आसपास असतात, त्यामुळे मानेलाही ते बरं. तिरकेपणा वीस अंशांवरून दोन अंशांवर आला. वरच्या आणि खालच्या रुंदीत आता एका इंचाचा फरक राहिला, तो झाकायला कीस्टोनचे एक-दोन टप्पे पुरतात. मधे बसणाऱ्याने मात्र रेलूनच बसायचं; सावरून बसला की चित्राच्या तळाशी त्याच्या केसांची सावली.

हे कपाट सगळ्याच प्रोजेक्टरांना चालणार नाही. ऑफिसात वापरतात त्या बऱ्याच प्रोजेक्टरांत भिंगाची रचनाच अशी असते, की यंत्र सपाट ठेवलं तरी चित्र भिंगाच्या पातळीपासून वर चढतं. ते टेबलावर किंवा उलटं करून छताला बरोबर बसतात. घरगुती स्वस्त एलईडी प्रोजेक्टर बहुधा सरळ समोर बघतात, त्यांना चित्राच्या मध्याएवढी उंची लागते. ओळखायचं कसं? कीस्टोन शून्यावर आणून यंत्र सपाट ठेवायचं आणि चित्राचा तळ भिंगाच्या वर पडतो की खाली ते बघायचं. छताला टांगायचं असेल तर आणखी एक गोष्ट आपल्याकडे आधी बघावी लागते, ती म्हणजे पंखा. पाती झोतात आली की चित्र लुकलुकतं, आणि त्याच स्लॅबला फिरणारा जुना पंखा असेल तर चित्रही हलकं हलकं कापतं.

जागा ठरली की पुढचं काम क्रमाने होतं. आधी मेन्यूत जाऊन ‘ऑटो कीस्टोन’ बंद करून आकडे शून्यावर आणायचे. डाव्या-उजव्या भिंतींपासून मोजून भिंग चित्राच्या बरोबर मध्यावर आणायचं. मग चौकट मोजायची. सुतार दाराची चौकट काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजतो, पण ती युक्ती इथे फसवते, कारण वर सात आणि खाली सहा फूट असलेल्या आकृतीचेही दोन्ही कर्ण सारखेच भरतात. म्हणून वरची आणि खालची कड वेगवेगळी मोजायची, तशाच डावी आणि उजवी. उरलेला इंचभर फरक कीस्टोनने काढला की शेवटी फोकस.

फोकसला घाई चालत नाही. प्रोजेक्टर सुरू केल्यावर आतली उष्णता वाढत जाते, प्लास्टिकचं भिंग किंचित फुगतं आणि पहिल्या मिनिटाला लावलेला फोकस पंधरा-वीस मिनिटांत सरकतो. तेवढा वेळ यंत्र चालू द्यावं. मग एकाने भिंतीपाशी जावं, दुसऱ्याने चकती फिरवावी. समोर चेहरा नको, अक्षरं हवीत. मराठी बातम्यांची पट्टी यासाठी उत्तम: अनुस्वाराचं टिंब गोल दिसेपर्यंत चकती फिरवायची, ते फिस्कटेपर्यंत पुढे जायचं आणि परत यायचं. ‘ऑटो फोकस’ असलेल्या यंत्रांत तो एकदा लावून घेऊन बंद करावा. नाहीतर कोणी कपाटाला धक्का दिला, की ऐन शेवटच्या षटकात चित्र धूसर होऊन पुन्हा जुळायला लागतं.

स्टिकच्या तक्रारी तुलनेने साध्या असतात. तिला वीज प्रोजेक्टरच्या यूएसबी पोर्टमधून दिली तर तिथून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो. स्टिकला साधारण दुप्पट लागतो, त्यामुळे ती पिक्चरच्या मध्यात आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. तिच्याबरोबर आलेला अडॅप्टरच एक्स्टेन्शन बोर्डात लावावा. प्रोजेक्टरची गरम हवा स्टिकवरच सुटत असेल तर वीतभर लांबीची एचडीएमआय वायर मधे घालून तिला बाजूला काढावी. चित्र आहे आणि आवाज नाही, असं झालं तर स्टिक बहुधा डॉल्बी आवाज पाठवतेय आणि प्रोजेक्टरला तो उलगडता येत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ निवडलं की काम होतं. स्पीकर ब्लूटूथचा असेल तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. या घरात ते टाळायला प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या भोकातून जुन्या कॉम्प्युटरच्या स्पीकरांना वायर नेली आहे.

स्वस्त प्रोजेक्टरांत स्वतःचं अँड्रॉइड असतंच, मग स्टिक कशाला, असं दुकानात हमखास विचारलं जातं. त्या अँड्रॉइडला बऱ्याचदा ओटीटी कंपन्यांची मान्यता नसते. ॲप उघडतच नाही, किंवा उघडलं तरी कमी प्रतीचं चित्र देतं. मोबाईलचा स्क्रीन बिनतारी पाठवायला जावं, तर चोरी रोखण्याच्या कुलुपामुळे आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. स्टिककडे या कुलुपाची किल्ली असते.

उरला उजेड, आणि त्यावर इलाज पडद्यांचाच. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातलं काळं म्हणजे उजेड न पडलेली भिंत, आणि दुपारी दोन वाजता ती पांढरीच असते. खोक्यावर ९००० ल्युमेन छापलेलं असलं तरी बघायचा तो ‘एएनएसआय ल्युमेन’चा आकडा. तो याच घरातल्या यंत्राचा ४०० आहे: रात्री ट्यूब बंद करून भरपूर, संध्याकाळी जेमतेम. दिवसाच्या मॅचसाठी जुना ३२ इंची टीव्ही बेडरूमच्या भिंतीवर अजून तसाच आहे. आजोबा मॅच तिथेच बघतात.