लिंक दाबली की दुकानाशी थेट चॅट

व्हॉट्सअ‍ॅपची ‘क्लिक टू चॅट’ लिंक दाबली की दुकानाचा नंबर सेव्ह न करताही चॅट उघडतं आणि मेसेजच्या चौकटीत मजकूर आधीच लिहिलेला दिसतो. तो आपोआप जात नाही. गिऱ्हाईक त्यात फेरफार करू शकतं, आणि पाठवायचं बटण त्यानेच दाबायचं असतं.

लिंकचे भाग दोन, नंबर आणि मजकूर. दिवाळीचा फराळ विकणाऱ्या दुकानाची लिंक अशी होईल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Chakli%201%20kg%20%26%20Shev
```

फुल्यांच्या जागी दुकानाचा दहा आकडी मोबाइल नंबर येतो. त्याआधी भारताचा 91 हवाच, मात्र अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा किंवा आडवी रेघ चालत नाही. नंबर नेहमी दहा आकडीच सांगितला जात असल्याने 91 सर्रास राहून जातो. मग 98 ने सुरू होणारा नंबर इराणचा समजला जातो, 94 ने सुरू होणारा श्रीलंकेचा, कारण त्या देशांचे कोड तेच आहेत. अशी लिंक दाबल्यावर हा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर नाही असं दिसलं, तर सर्वांत आधी 91 तपासावा.

मजकुराची गोष्ट जरा नाजूक आहे. वेबपत्त्यात मोकळी जागा चालत नाही, म्हणून तिथे `%20` येतं. नव्या ओळीसाठी `%0A`. खरा घोटाळा `&` या चिन्हाने होतो. वेबपत्त्यात त्याचा अर्थ ‘इथे हा भाग संपला, पुढचा सुरू’ असा असतो. वरच्या लिंकमध्ये `%26` ऐवजी नुसतं `&` टाकलं, तर चौकटीत फक्त ‘Chakli 1 kg’ येईल आणि शेव गळून पडेल. मेसेज मध्येच तुटलेला दिसला की हेच चिन्ह शोधावं. `#` ने सुद्धा तसंच होतं. त्याच्या जागी `%23` लिहितात.

मराठी मजकूरही चालतो, फक्त लिंक फार लांबते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, नऊ अक्षरांचं होतं: ‘न’ म्हणजे `%E0%A4%A8`. ‘नमस्कार’ या एका शब्दालाच त्रेसष्ट अक्षरं लागतात. हे हाताने लिहीत बसू नये; ‘यूआरएल एन्कोडर’ नावाची साधनं मजकूर टाकताच असं रूपांतर करून देतात. लांबलचक लिंक क्यूआर कोडमध्ये घातली तर चौकोन दाट होतो आणि छोट्या छपाईत स्कॅन व्हायला त्रास देतो. त्यामुळे पिशवीवर किंवा पत्रकावर छापायचं असेल तर ‘नमस्कार, फराळाचे दर कळवा’ एवढाच मजकूर पुरे. भाव मात्र त्यात कधीच लिहू नयेत, कारण छापलेला कोड नंतर बदलता येत नाही.

छपाईला देण्याआधी लिंक दुसऱ्याच फोनवर, दुकानाचा नंबर सेव्ह नसलेल्या फोनवर, उघडून पाहावी आणि मेसेज खरोखर पाठवून तो दुकानाच्या फोनवर पूर्ण पोचला का, हे तपासावं.