बंड्या, क्लिकर आणि आजीने नाव ठेवलेला 'पिंजरा'

ज्यांना लोकलमध्ये ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. थोडा आवरून घेतलाय, बाकी बोलले तसाच आहे. एक सूचना आधीच देते. ऑडिओमध्ये मी मध्ये मध्ये क्लिकर वाजवलाय, तेव्हा मांजर शेजारी बसलं असेल तर हेडफोन लावा. का ते पुढे कळेल.

आमचा बंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. माहीमला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी, आजी आणि तो. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. जोर लावायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत. मला वाटलं बद्धकोष्ठ. आजी म्हणाली, "अगं, वाळू कोरडी आहे बघ." म्हणजे लघवीचा एक थेंबही नव्हता. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, बोका आहे ना, मग आत्ताच्या आत्ता आणा. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आमचे डॉक्टर परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या बाजूला. माहीमहून टॅक्सीने जाणं काही कठीण नाही. कठीण होतं ते बंड्याला कॅरियरमध्ये घालणं. कॅरियर पोटमाळ्यावरून खाली काढताना नुसता खडखडला, आणि बंड्या पलंगाखाली गेला तो थेट ट्रंकेच्या मागे. त्याला काढायला पाऊण तास लागला. माझ्या हातावर ओरखडे, आजीची चादर फाटलेली, आणि बंड्या दादर येईपर्यंत घोगऱ्या आवाजात ओरडत होता. तो वाचला. पण डॉक्टर म्हणाले, "हे पुन्हा होऊ शकतं." मला रात्रभर तो पाऊण तासच आठवत राहिला.

तिथून हे क्लिकरचं सुरू झालं. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पत्र्याची पट्टी. दाबली की 'टिक'. जत्रेत तो पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक मिळतो ना, तेच तत्त्व. नसेल तर बटणाचं बॉलपेन चालतं. घाबरट मांजरासाठी पेनच बरं, आवाज हळू असतो.

त्या टिकचं काम एकच. मांजराने जे केलं त्याचा नेमका क्षण पकडून सांगायचं, 'हे! याचंच चिकन मिळणार.' आपण "शाब्बास बंड्या" म्हणेपर्यंत तो बसलेला उठतो, आणि त्याला वाटतं शाबासकी उठण्याबद्दल आहे. टिक मात्र दर वेळी सारखी असते, आणि तिच्यात आपला वैताग ऐकू येत नाही. गंमत म्हणजे एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेट्यांत ठेवून हेच पाहिलं होतं. ज्या हालचालीने फायदा होतो, ती हालचाल मांजर पुन्हा करतं. त्याची मांजरं पेटीतून बाहेर पडायला शिकली. मला बंड्याला आत जायला शिकवायचं होतं.

सगळ्यात आधी टिकला अर्थ द्यायचा. टिक, आणि सेकंदाच्या आत चिकनचा तुकडा. बस. त्याने काहीच करायचं नाही. दहा-बारा वेळा, दिवसातून दोनदा. चिकन नुसतं पाण्यात उकडलेलं, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण ते मांजरांना विषारी आहे. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मोठा दिला तर चार तुकड्यांत पोट भरतं आणि स्वारी खिडकीत जाऊन बसते. जेवणाच्या थोडं आधी बसायचं, पण उपाशी ठेवायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या लिव्हरला धोका असतो. तिसऱ्या दिवशी मी तो दुसरीकडे बघत असताना टिक केलं, आणि त्याने गर्रकन वळून माझ्या हाताकडे पाहिलं. ही खूण मिळाली की पुढे जायचं.

इथे आजीने एक गोंधळ घातला. बंड्या गॅलरीत होता, आजीने क्लिकर उचलला आणि त्याला बोलवायला टिकटिकटिक वाजवला. तो आलाही! पण टिक ही हाक नाही. टिक म्हणजे काम झाल्याची पावती, आणि ती कामाच्या नंतर येते. आधीच पावती फाडत बसलो तर तो काम कशाला करेल? आणि एकदा टिक वाजली की, चुकून वाजली तरी, तुकडा द्यायचाच. हेडफोनची सूचना याचसाठी होती.

'बस' सगळ्यात पटकन जमलं. तुकडा नाकासमोरून डोक्यावर, थोडा मागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं त्याच क्षणी टिक. चार-पाचदा झाल्यावर रिकामा हात तसाच फिरवायचा. दहापैकी आठ वेळा तो बसायला लागला की मग हाताच्या आधी "बस" हा शब्द. शब्द शेवटी येतो, हे बरेच जण उलटं करतात. मांजर बसत नसताना वीस वेळा "बस बस बस" म्हटलं तर तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो.

हाकेचं प्रकरण जास्त इंटरेस्टिंग होतं. 'बंड्या' हे नाव हाकेसाठी केव्हाच वाया गेलं होतं. ओट्यावर चढला की "बंड्या!", नखं कापायची की "बंड्या!". प्स-प्स केलं तर खालची चार मांजरं आधी येतात. म्हणून मी नवा शब्द घेतला, 'बोंबील'. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून मावशींची हाक आली आणि बंड्या माझ्याकडे यायच्या ऐवजी ग्रिलला चिकटला. माहीममध्ये राहून मला हे आधी सुचायला हवं होतं! मग शब्द ठरला 'पंगत'. आमच्या गल्लीत असं कोणी ओरडत नाही.

सुरुवात दोन हातांवरून. "पंगत", तो पोचला की टिक, तुकडा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, मग स्वयंपाकघरातून, मग तो झोपाळलेला असताना. न दिसणाऱ्या जागेवरून हाक मारली की तो दाराशी थबकायचा, तेव्हा पुन्हा अंतर कमी केलं. नियम एकच, आणि तो आजीलाही पाळायला लावला. 'पंगत' म्हणून बोलवायचं आणि गोळी घशात घालायची, असं कधीही नाही. गोळी असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. आणि हाक जमते म्हणून खिडकीची जाळी काढू नका. कबुतरापुढे माझी पंगत काही चालत नाही.

आता कॅरियर. माझा वरून उघडणारा, कडक प्लॅस्टिकचा, स्क्रू काढले की दोन भाग होणारा आहे. आजी त्याला पिंजराच म्हणते. मी वरचा भाग आणि दार काढून नुसता तळ हॉलमध्ये ठेवला, आत बंड्याची न धुतलेली चादर. पोटमाळ्यावरून तो कायमचा उतरला, कारण वर्षातून एकदाच खाली येणारी वस्तू म्हणजे वाईट बातमी, हे मांजर पहिल्याच फेरीत शिकतं.

पहिल्या दिवशी नुसतं तिकडे पाहिलं तरी टिक. मग जवळ गेला की. मग एक पाय, दोन पाय, चारही पाय, आत 'बस'. बसणं इथे कामी आलं. एका वेळी दोन-तीन मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. आठव्या दिवशी वरचा भाग लावला, तेव्हा तो पुन्हा दोन पायांवर आला. ते साहजिक आहे, छप्पर आल्यावर त्याच्या दृष्टीने ती नवीन वस्तू झाली. आत जाण्यासाठी शब्द ठेवला 'टॅक्सी'.

बाराव्या दिवशी मी माती खाल्ली. तो आरामात बसलाय म्हणून दार लावलं आणि फोन आला म्हणून मिनिटभर तसंच ठेवलं. त्याने दारावर पंजे मारले, मी घाबरून उघडलं, आणि पुढचे चार दिवस तो कॅरियरच्या बाजूने वळसा घालून जायचा. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं तर खुणा सगळ्या होत्या. कान बाजूला पडलेले, शेपटीचं टोक फटकत होतं, बुबुळं मोठी. आणि सगळ्यात सोपी खूण, जाळीतून दिलेलं चिकन त्याने हुंगलं पण खाल्लं नाही. आवडतं खाणं नाकारलं म्हणजे आपण फार पुढे गेलोय. मी पुन्हा उघड्या तळावर आले. मग दार अर्धं ओढायचं, टिक. लावायचं आणि लगेच उघडायचं, टिक. एक सेकंद, तीन, पाच, पुन्हा दोन. मुद्दाम मागेपुढे, म्हणजे प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा कठीणच असणार असं त्याला वाटत नाही.

मग उचलणं. मुठीने धरून झुलवायचं नाही, दोन्ही हात खालून लावून. जिन्यापर्यंत, मग खालच्या मजल्यावर. शेवटी नाक्यावरच्या टॅक्सीवाल्या चाचांना विचारून बंद गाडीत दोन मिनिटं बसलो. रिक्षा आमच्याकडे नाहीच, ती खाडीपलीकडे वांद्र्याला थांबते, त्यामुळे टॅक्सीचाच सराव हवा होता. चाचांनी आधी मला वेड्यात काढलं, नंतर तेच "आज बिल्ली नहीं आयी?" विचारायला लागले. मग शिवाजी पार्कपर्यंत जाऊन परत, डॉक्टर नाही, इंजेक्शन नाही. एकूण सात आठवडे लागले.

हे माझ्या बोक्याचंच कौतुक समजू नका. व्हिएन्नात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ वेळा असंच कॅरियरचं ट्रेनिंग दिलं होतं. गाडीत त्या मांजरांवर ताण कमी दिसला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. तुमच्या मांजराला सहाच्या जागी बारा आठवडे लागले तर लागू द्या.

या वर्षी जूनच्या शेवटी रात्री साडेदहाला बंड्या पुन्हा ट्रेमध्ये बसला. वाळू कोरडी. मी कॅरियर पलंगाजवळ ठेवला आणि म्हटलं, "टॅक्सी." तो उठला, थांबला, हळूहळू आत गेला आणि बसला. टिक केलं, तुकडा दिला, त्याने तोंड फिरवलं. दुखणाऱ्या मांजराला चिकनचं काय? तो गेला तो आधीच्या शेकडो तुकड्यांवर. म्हणून हे सगळं मांजर धडधाकट असतानाच करावं लागतं. आजीने घड्याळ पाहिलं होतं. टॅक्सीत बसेपर्यंत सात मिनिटं, त्यातली पाच माझी चप्पल शोधण्यात.

डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, तीन दिवसांनी घरी सोडलं. आता खाणं बदललंय, पाण्याची भांडी तीन झालीत.

आणि हो, परत आल्यावर कॅरियर पुन्हा नकोसा झाला. तीन दिवस हॉस्पिटलात काढल्यावर होणारच. मी छप्पर काढलंय, दार काढलंय, आपली तीच चादर. आज सकाळी तीन पाय आत होते.