भाजी आली नाही, पैसे अर्धवट आले

पिशवी उघडली की भात असतो, नान असतात, पण पनीर बटर मसालाच नसतो. ॲपवर तक्रार केली की लगेच दिलगिरीचा मेसेज येतो आणि सोबत काही रक्कम परत केल्याचंही दिसतं. ती भाजीच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते. वाद इथेच फसतो, कारण ग्राहक मेनूवरची किंमत मागतो आणि ॲपवाले दुसराच आकडा धरून बसतात. म्हणून आधी आपलं येणं किती ते काढायचं.

समजा पनीर २८० रुपये, नान १५० आणि जिरा राईस १७०, असे पदार्थांचे ६०० झाले. कूपनने १२० सुटले, उरले ४८०. पॅकिंगचे प्रत्येक पदार्थामागे १० असे ३०, म्हणजे ५१०. त्यावर ५ टक्के जीएसटी २५ रुपये ५० पैसे. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी करासकट ५०. एकूण भरले ५८५ रुपये ५० पैसे.

यातले पनीरचे किती? २८० नव्हेत. कूपनची सूट सगळ्या पदार्थांवर वाटली जाते. ती इथे २० टक्के, म्हणून पनीरच्या वाट्याला ५६ रुपये सूट आली आणि आपण त्याचे प्रत्यक्षात २२४ दिले. न आलेल्या डब्याचं पॅकिंग १०, आणि या २३४ वरचा कर ११ रुपये ७० पैसे. येणं झालं २४५ रुपये ७० पैसे. डिलिव्हरीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, कारण बाकीची ऑर्डर घरी पोचलेली असते. ॲपने १५० दिले असतील, तर भांडण ९५ रुपये ७० पैशांचं आहे, १३० चं नाही. नेमका आकडा मागितला की समोरच्याला ‘सूट वजा केली आहे’ म्हणून विषय संपवता येत नाही.

मग हे १५० कुठून आले? कधी कर आणि पॅकिंग धरलेलं नसतं. कधी ऑर्डर करताना काही पैसे वॉलेटमधून गेलेले असतात, तेवढे वॉलेटमध्ये परत येतात आणि बँकेत फक्त उरलेले दिसतात. असं असेल तर तक्रारीला जागाच नाही, म्हणून दोन्हीकडे आधी पाहून घ्यावं. आणि कधी ती सरळसरळ तडजोडीची रक्कम असते. ‘१५० रुपयांचं क्रेडिट स्वीकारा’ असं बटण येतं, ते दाबलं की तक्रार ‘सोडवली’ या खात्यात जाते. त्या क्रेडिटला बऱ्याचदा मुदत असते, आणि ते वापरायचं म्हणजे पुन्हा तिथूनच मागवायचं. पैसे मूळ खात्यात हवे असतील तर ते बटण न दाबता चॅटमध्ये तसं लिहावं.

पुरावा पहिल्या काही मिनिटांतच गोळा होतो. पिशवीवरचं सील, तिला चिकटवलेलं बिल आणि आलेले सगळे डबे एकाच फोटोत घ्यावेत. नुसत्या रिकाम्या जागेच्या फोटोने काही सिद्ध होत नाही. सील शाबूत असेल तर चूक बहुधा हॉटेलच्या पॅकिंगची. डिलिव्हरीवाल्याने बंद पिशवी आणून दिलेली असते, त्याच्यावर खेकसून पनीर मिळत नाही.

चॅटमधून उरलेली रक्कम आली नाही, तर चॅटचे स्क्रीनशॉट काढून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क प्लॅटफॉर्मवर दिलेला असावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. मजकूर एवढा पुरे:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. पनीर बटर मसाला मिळाला नाही, फोटो जोडला आहे. सूट वजा जाता, पॅकिंग व करासह माझं येणं २४५.७० रुपये, मिळाले १५०. उरलेले ९५.७० रुपये मूळ खात्यात जमा करावेत, अन्यथा कपातीचा हिशेब लेखी कळवावा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. हिशेब मागितला की ‘आमच्या धोरणानुसार’ हे ठेवणीतलं उत्तर अपुरं पडतं. ‘पैसे पाठवले’ असं उत्तर आलं आणि खात्यात काहीच नसेल, तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागावा. तो दाखवला की बँकेला शोध घेता येतो.

तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ही हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला फी नाही. पण तारखांना जाणारा वेळ पाहता एकट्या ९५ रुपयांसाठी ती वाट मी कुणाला सुचवणार नाही. तोच प्रकार वारंवार घडत असेल आणि दरवेळचा ईमेल हाताशी असेल, तर गोष्ट वेगळी.