ताप उतरला, मग पुन्हा इको कशाला?

लहान मुलाला ताप येणे घराघरांत नित्याचेच. पण पाच दिवस उलटले, अँटिबायोटिकने ताप हटेना आणि त्याबरोबर डोळे लाल (पण चिपडे नाहीत), ओठ लाल आणि भेगाळलेले, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत एखादी गाठ अशी लक्षणे दिसू लागली की बालरोगतज्ज्ञांच्या मनात ‘कावासाकी’ हे नाव येते. टोमिसाकू कावासाकी या जपानी डॉक्टरांनी १९६१मध्ये असा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७मध्ये पन्नास मुलांची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण अचानक लाल होऊन सुजतो. सगळ्या मुलांत तो दिसत नाही, पण दिसला तर संशय बळावतो.

या आजारात रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. त्यातही हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांवर तिचा रोख असतो. सुजेने भिंत कमकुवत झाली की आतल्या दाबाने ती फुगते. हाच तो ‘अॅन्युरिझम’. उपचार न करताही ताप साधारण दोन आठवड्यांत आपोआप उतरतो, आणि घात नेमका इथेच होतो. मूल खेळू लागते, बोटांच्या टोकांची साले निघतात, घरचे निर्धास्त होतात आणि वाहिनी मात्र आतून फुगत असते. उपचार न झालेल्या सुमारे चौघांपैकी एका मुलात असा फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते. कमी होते, पण शून्य होत नाही. म्हणून इको.

समजा, तीन वर्षांची, १२ किलो वजनाची मुलगी आहे. सहाव्या दिवशी निदान झाले, त्याच दिवशी पहिला इको झाला आणि तो नॉर्मल आला. किलोमागे दोन ग्रॅम या हिशेबाने २४ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन दहा-बारा तासांत दिले, सोबत अॅस्पिरिन सुरू केले. दुसऱ्या दिवशी ताप गेला. पालकांना वाटते, सुटलो. पण पहिला नॉर्मल इको म्हणजे केवळ तुलनेसाठी केलेली नोंद. भिंत फुगायला वेळ लागतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी दुसरा आणि चार ते सहा आठवड्यांनी तिसरा इको करतात. बहुतेक फुगवटे तोवर आपला सर्वात मोठा आकार गाठतात.

दुसऱ्या इकोत डावीकडच्या मुख्य फांदीची रुंदी २.६ मिलिमीटर भरली. हे जास्त की कमी? बारा वर्षांच्या मुलात हाच आकडा अगदी साधा. या मुलीच्या अंगमानाने मात्र ती वाहिनी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, किंवा त्याहूनही थोडी बारीक असायला हवी. म्हणून डॉक्टर निव्वळ मिलिमीटरवर न थांबता उंची-वजनावरून ‘झेड स्कोअर’ काढतात. त्या मापाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून ही वाहिनी किती दूर आहे, हे तो सांगतो. दोनच्या आत नॉर्मल, अडीच ते पाचच्या आत लहान फुगवटा, पाच ते दहाच्या आत मध्यम आणि दहा किंवा अधिक असेल तर महाकाय. या मुलीचा स्कोअर लहान फुगवट्यात बसतो. त्यामुळे प्रत्येक इकोच्या दिवशी उंची-वजन नव्याने मोजून घ्यावे, आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. शिवाय मूल रडत, हलत असेल तर अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणूनच कधीकधी तपासणीआधी झोपेचे औषध देतात.

रुंदीखेरीज आत रक्ताची गुठळी आहे का, हृदयाचे आकुंचन नीट होते का, झडप गळते का, भोवती पाणी आहे का, हेही पाहिले जाते. महाकाय फुगवट्यात रक्त मंदावते, गुठळीची भीती मोठी असते. तिथे अॅस्पिरिनला रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड लागते आणि सुरुवातीला इको वरचेवर होतो. आमच्या मुलीसारख्या लहान फुगवट्याला मात्र अॅस्पिरिनचा छोटा डोस पुरतो. (मध्येच ताप आला म्हणून घरातले आयबुप्रोफेन देऊ नये, ते अॅस्पिरिनचा परिणाम बोथट करते.) गोवर आणि कांजिण्यांच्या लसीही इम्युनोग्लोब्युलिननंतर अकरा महिने पुढे ढकलतात.

निम्म्याहून अधिक फुगवटे एक-दोन वर्षांत मापात येतात, लहान असतील तर शक्यता आणखी चांगली. पण माप नॉर्मल झाले तरी भिंत आतून जाड झालेली असू शकते, आणि मोठ्या फुगवट्याच्या जागी पुढे वाहिनी अरुंदही होते. हे अरुंदपण इकोत नीट दिसत नाही; वाहिनीचा दूरचा भागही त्याच्या टप्प्यात येत नाही. मूल मोठे होऊन छाती भरली की चित्र आणखी अंधुक होते. म्हणून मध्यम आणि महाकाय फुगवट्याच्या मुलांना पुढे सीटी अँजिओग्राफी आणि श्रमाची चाचणी सांगतात.