इफ्तारचं ताट, सहरीचा घास

रमजानमध्ये मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईकडे संध्याकाळी तीन-चार घरांतून ताटं येतात. खाऊन होतं थोडंसंच. उरलेलं झाकून ठेवायचं आणि पहाटे सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणाला, खायचं, अशी अनेक घरांतली सवय. पण इफ्तार ते सहरी यांत नऊ-दहा तास जातात. तेवढ्या वेळात ओट्यावरचं अन्न बिघडू शकतं. घातक जंतूंमुळे वास येतोच असं नाही, आणि उतारवयात नाकही मंदावतं. उलट्या-जुलाब झालेच, तर या वयात अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं.

म्हणून फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चार प्रश्न चिकटवावेत. अम्मींना उर्दू वाचणं सोपं जात असेल तर उर्दूत.

१. किती वेळ बाहेर होतं? शिजल्यापासून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये जाणार असेल तरच ठेवायचं. कडक उकाडा असेल तर १ तास. ताट आणणाऱ्या मुलाला विचारावं, ‘बेटा, कधी शिजवलं?’ उत्तर मिळालं नाही तर ते ठेवणीत नाही.

२. जिन्नस कोणता? कापलेली फळं, दहीवडे आणि ओली चटणी त्याच संध्याकाळी संपवायची. भाताला विशेष जपायचं. बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानंही जात नाही.

३. कशात ठेवलं? खोल पातेल्यातला मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. उथळ डब्यात पसरून, झाकण लावून ठेवावं.

४. वाफ आली का? सहरीला लागेल तेवढंच काढून मधोमध वाफ येईपर्यंत गरम करावं. गरम केलेलं पुन्हा ठेवू नये. दुसऱ्या इफ्तारपर्यंत उरलं तर बाद.

एक संध्याकाळ पाहू. पुलाव साडेपाचला शिजला, साडेसहाला आला आणि सातला उथळ डब्यातून फ्रिजमध्ये गेला. तो सहरीला चालेल. फ्रूट चाट चार वाजता कापलेली, ती उरली तर टाकावी. खिमा समोसे कधी तळले ते कळलं नाही, तर उरलेले ठेवू नयेत. खजूर मात्र बंद डब्यात खुशाल राहतील.

अन्न टाकणं वडीलधाऱ्यांच्या जिवावर येतं. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, धर्मालाही नामंजूर आहे. त्यावर उपाय ताट येताक्षणीच करायचा. स्वतःपुरतं काढून घ्यावं आणि बाकीचं ताजं असतानाच शेजारी पाठवावं. शेजारी रोजा नसला तरी गरम समोसा कोण नाकारतो!